आरशातला दिवा पेटला नाही, म्हणजे बाजू मोकळी आहे असं नाही: या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात पुण्याहून मुंबईला येताना खंडाळ्याच्या आसपास माझ्या गाडीच्या मीटरवर एक संदेश झळकला, चारेक सेकंद राहिला आणि गेला. उरला तो एका कोपऱ्यातला बारीक पिवळा दिवा. पाऊस धो धो, लक्ष समोर, आणि पुढची वीस मिनिटं मी लेन बदलताना आरशातल्या नारिंगी खुणेकडे बघत राहिलो. ती एकदाही पेटली नाही. पेटणारच नव्हती, कारण ब्लाइंड स्पॉट मॉनिटर, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात गाडी आली की आरशात खूण पेटवणारी यंत्रणा, बंद पडला होता.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आरशातली खूण पेटली तर बाजूला गाडी आहे, हे बरोबर. पण ती पेटली नाही याचे अर्थ दोन होतात: बाजू मोकळी आहे, किंवा बघणाराच झोपला आहे. आरशात दोन्ही सारखेच दिसतात. फरक फक्त मीटरवर कळतो, तोही संदेश विरून जायच्या आत पाहिला तर. म्हणून संदेश दिसला की मनात एकच नोंद करायची: इथून पुढे आरशातला दिवा नाही असं समजायचं.

दुसरी चूक म्हणजे आरसा पुसत बसणं. आरशात फक्त दिवा असतो. बघायचं काम बहुतेक गाड्यांत मागच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत, प्लास्टिकच्या आत बसवलेले रडार करतात. बंपरवर चिखलाचा थर बसला किंवा जोरदार पावसात पाण्याचा पडदा धरला, की त्यांनी सोडलेल्या लहरी नीट उसळून परत येत नाहीत. मग ‘Radar blocked’ किंवा ‘Sensor blocked’ अशा धर्तीचा संदेश येतो. शब्द गाडीगणिक वेगळे. गंमत म्हणजे आजूबाजूला काहीच नसलेल्या मोकळ्या रस्त्यावरही काही गाड्या हाच संदेश देतात. रडारला उसळून काहीच परत येत नाही, म्हणून ते स्वतःला झाकलेलं समजतं. अशा वेळी गाडी बाजूला सुरक्षित जागी थांबवून बंपरचे कोपरे ओल्या फडक्याने पुसायचे. पाऊस ओसरला, थोडं अंतर चाललो, की संदेश बहुधा आपोआप जातो. माझा खोपोलीच्या पुढे गेला.

‘Check’ शब्द असलेला संदेश मात्र वेगळा. बंपर स्वच्छ, रस्ता कोरडा, गाडी बंद करून पुन्हा सुरू केली तरी तो कायम असेल, तर वायर, कनेक्टर किंवा रडारच बिघडलं असण्याची शक्यता आहे. ते फडक्याने सुटत नाही, सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावूनच बघावं लागतं.

संदेश न येताही घोळ होतो, आणि तो बंपरच्या डेंटिंग-पेंटिंगनंतर. माझ्या मित्राने मागचा डावा कोपरा ठोकल्यावर पुट्टी भरून रंगवून घेतला. गाडी सुरू करताना दोन्ही आरशांतले दिवे क्षणभर पेटायचे, त्यामुळे तो निर्धास्त. पण ती चाचणी दिव्याची असते, रडारची नव्हे. पुट्टीचा जाड थर, धातूचे कण असलेला रंग, स्टिकर किंवा लोखंडी गार्ड रडारच्या आड आला, किंवा रडारचा ब्रॅकेट वाकून कोन बदलला, तर ते चुकीच्या दिशेला किंवा अर्धवट बघतं. आम्ही तीन लेनच्या रस्त्यावर मधल्या लेनमध्ये एका चालीने गाडी ठेवली आणि बाजूने पुढे जाणाऱ्या गाड्यांवर शेजारी बसून मी नजर ठेवली. उजवीकडची खूण प्रत्येक वेळी पेटली, डावीकडची दर दोन-तीन गाड्यांमागे एखादी सोडायची. ब्रॅकेट सरळ करून रडारचं कॅलिब्रेशन केल्यावर जमलं. ही चाचणी करताना एक लक्षात ठेवा: आपणच भरभर एखाद्या ट्रकला मागे टाकत असू तर अनेक गाड्या खूण पेटवतच नाहीत. तो बिघाड नव्हे, रचनाच तशी.

आता बंद यंत्रणेसह लेन कशी बदलायची? आधी आरसे नीट लावलेत का बघा. आपल्या गाडीची बाजू आरशात जेमतेम काठावर दिसावी, त्याहून जास्त दिसत असेल तर आरसा बाहेर वळवा. मग मधला आरसा, बाजूचा आरसा, इंडिकेटर, आणि शेवटी खांद्यावरून एक झटपट नजर. एक हिशेब मनात असू द्या. आपण ८० ने चाललोय, शेजारच्या लेनमधली गाडी १०० ने येतेय. फरक ताशी २० किमी, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. लेन बदलायला पाच सेकंद धरले तर ती तेवढ्यात जवळपास २८ मीटर जवळ येते. म्हणजे आरशात दूर वाटलेली गाडी आपली लेन बदलून होईपर्यंत दाराशी येऊन ठेपते. इंडिकेटर दिल्यावर दोन-तीन सेकंद थांबून आरशात पुन्हा बघायचं ते यासाठीच: ती गाडी किती वेगाने मोठी होतेय, हे दुसऱ्या नजरेतच कळतं.

आणि दुचाकी? लेनच्या मधून घुसणारी बाइक चालू यंत्रणाही उशिरा पकडू शकते. ती बाइक आपण वळायच्या आधी खांद्यावरून टाकलेल्या नजरेतच दिसते.