सहा वाक्यं आणि एक फासा: चॅटबॉट उत्तर कसं देतो हे एफवायच्या वर्गाला कसं समजवावं

पहिल्या वर्षाच्या मुलांना चॅटबॉट वापरायला शिकवावं लागत नाही. पण तो उत्तर आणतो कुठून, असं विचारलं की वर्गातून हमखास दोन उत्तरं येतात. एक, "नेटवर शोधतो." दुसरं, "त्याच्यात सगळं साठवलेलं असतं." मी पहिल्यांदा हे व्याख्यान दिलं तेव्हा स्लाइड्स करून नेल्या होत्या. चौथ्या मिनिटाला पडद्यावर गोल आणि बाणांचं जाळं आलं आणि मागच्या तीन बाकांवर मोबाइल बाहेर निघाले. तेव्हापासून मी फळा, खडू आणि लुडोचा एक फासा एवढंच घेऊन जातो. एका तासिकेत हे नीट बसतं. कसं, ते सांगतो.

फळ्यावर सहा वाक्यं लिहा

बोलायला लागण्याआधी ही सहा वाक्यं फळ्याच्या डाव्या बाजूला लिहा:

आज पाऊस आला आणि बस चुकली.
काल पाऊस आला आणि लाइट गेली.
आज बस आली आणि पाऊस गेला.
काल लाइट गेली आणि पाऊस आला.
आज पाऊस गेला आणि बस आली.
काल बस चुकली आणि पाऊस आला.

मुलांना सांगा, की आपल्या यंत्राने आयुष्यात एवढंच वाचलंय. पाऊस म्हणजे काय, बस कशी असते, त्याला काही माहीत नाही. त्याला फक्त मोजता येतं. मग वर्गाकडूनच मोजून घ्या: "पाऊस" या शब्दानंतर काय काय आलंय? "आला" चार वेळा, "गेला" दोन वेळा. "आणि"नंतर? "पाऊस" तीनदा, "बस" दोनदा, "लाइट" एकदा. हे मोजणं तुम्ही स्वतः करू नका. एखादा मुलगा पाचच मोजतो, दुसरी मुलगी त्याला दुरुस्त करते, आणि तेवढ्यात वर्ग खेळात उतरलेला असतो.

आता हे आकडे फाशावर बसवा. वाक्यं मुद्दाम अशी घेतली आहेत की सगळं सहात बसतं. उजव्या बाजूला लिहा:

आज → १ ते ४ पाऊस, ५-६ बस
पाऊस → १ ते ४ आला, ५-६ गेला
आणि → १ ते ३ पाऊस, ४-५ बस, ६ लाइट
बस → १ ते ३ चुकली, ४ ते ६ आली
लाइट → नेहमी गेली
आला, गेला, आली, गेली, चुकली → १ ते ३ आणि, ४ ते ६ पूर्णविराम

"काल"ची ओळ वेळ असेल तरच करा. तिच्यात तिन्ही शब्द एकेकदाच येतात, त्यामुळे तिथे फार मजा नाही.

फासा मुलांच्या हातात द्या

पहिला शब्द "आज" तुम्ही द्या. पुढचं एकेक दान वेगवेगळ्या बाकावरून पडू दे. एका वर्गात दानं अशी पडली: ५, म्हणजे "बस". मग २, "चुकली". मग १, "आणि". मग ६, "लाइट". तिच्यानंतर फासा टाकायची गरजच नाही, "गेली". मग ५, पूर्णविराम. फळ्यावर वाक्य तयार झालं: "आज बस चुकली आणि लाइट गेली."

इथे थांबा आणि डाव्या बाजूला हेच वाक्य शोधायला सांगा. ते तिथे नाही. कुणीच लिहिलेलं नाही, तरी व्याकरणाने चोख आहे आणि कुठल्याही एस.टी. स्टँडवर ऐकू येईल असं आहे. "साठवलेलं उत्तर काढून देतो" हा समज इथे आपोआप गळून पडतो.

लगेच दुसरा प्रश्न विचारा: "हे वाक्य खरं आहे का?" वर्ग गोंधळतो, कारण आज बस चुकली की नाही हे आपण कुठे तपासलंच नाही. खेळाच्या एकाही पायरीवर खरं-खोटं पाहायला जागा नव्हती. चॅटबॉट न लिहिलेल्या पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक छातीठोकपणे सांगतो, त्याचं मूळ इथेच आहे. खरं वाक्य आणि खोटं वाक्य त्याच दानांनी तयार होतं, म्हणून दोन्हींचा सूर सारखाच ठाम असतो.

हा खेळ काही माझा नाही. क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने १९४८ साली फाशाऐवजी पुस्तक वापरून असंच केलं होतं. कुठलंही पान उघडायचं, एक शब्द घ्यायचा, मग दुसरीकडे उघडून तो शब्द सापडेपर्यंत वाचायचं, आणि त्याच्या पुढचा शब्द उचलायचा. ग्रंथालयात मुलं हे स्वतः करून पाहू शकतात.

खेळ कुठे फसतो ते दाखवा

बरेच वक्ते इथेच थांबतात आणि "म्हणजे मोबाइलच्या कीबोर्डसारखंच" असं म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. कारण आणखी दोनतीनदा फासा टाकला की आपलं यंत्र असं बरळतं: "आज पाऊस आला आणि पाऊस आला आणि पाऊस गेला आणि पाऊस..." ते फक्त एकच शब्द मागे बघतं ना. खरा चॅटबॉट असा अडकत नाही, आणि का नाही ते सांगणं हाच या तासाचा गाभा आहे.

त्यासाठी मराठीइतकी सोयीची भाषा नाही. फळ्यावर दोन अर्धी वाक्यं लिहा:

आईने बाजारातून आणलेली ती निळी छत्री काल रात्री बसमध्ये...
आईने बाजारातून आणलेला तो निळा रेनकोट काल रात्री बसमध्ये...

वर्ग एका सुरात "हरवली" आणि "हरवला" म्हणतो. आता विचारा, की शेवटचे तिन्ही शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत, मग तुम्हाला कसं कळलं? उत्तर मागे आहे, "छत्री" आणि "रेनकोट"मध्ये. शेवटच्या शब्दाने मधल्या तीन शब्दांवरून उडी मारून मागे पाहिलं. २०१७ साली गूगलमधल्या संशोधकांनी ट्रान्सफॉर्मर नावाची रचना मांडली, तिचं मुख्य काम हेच. पुढचा शब्द ठरवताना मागच्या प्रत्येक शब्दाकडे किती लक्ष द्यायचं, याचे आकडे ती काढते. इथे "छत्री"ला भरपूर, "बाजारातून"ला जवळपास काहीच नाही.

मग हे आकडे येतात कुठून? मोजून येत नाहीत, कारण छत्रीचं ते लांब वाक्य तसंच्या तसं आधी कुणी लिहिलेलंच नसेल. म्हणून मोजण्याऐवजी सराव. प्रचंड मजकूर घ्यायचा, पुढचा शब्द झाकायचा, यंत्राला अंदाज करायला लावायचं आणि चुकलं की त्याच्या आतले आकडे किंचित सरकवायचे. "छत्री स्त्रीलिंगी" असा नियम कुणी भरत नाही. चुका कमी करता करता तो आकड्यांत उतरतो. असे आकडे किती? २०२०च्या जीपीटी-३मध्ये १७५ अब्ज होते, म्हणजे साडेसतरा हजार कोटी. आपल्या फळ्यावरची फाशाची यादी तेवढी लांब झाली असं समजा.

एक खुलासा तोंडीच करा. यंत्र शब्द नव्हे, शब्दांचे तुकडे वापरतं. त्यांना टोकन म्हणतात, आणि देवनागरी शब्दाचे अनेकदा इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात. अमुक शब्दात अक्षरं किती, असं विचारल्यावर चॅटबॉट अडखळतो त्याचं एक कारण हे: त्याला अक्षरं दिसतच नाहीत, तुकडे दिसतात.

एक कागद बाकाबाकांवरून फिरवा

आता चॅट कुठून आलं? कोऱ्या कागदावर लिहा: "विद्यार्थी: पावसाळ्यात वही कोरडी कशी ठेवू? मदतनीस:" आणि कागद फिरवा. प्रत्येकाने पूर्ण कागद वरून वाचायचा, एकच शब्द जोडायचा आणि पुढे द्यायचा. दहाव्या बाकापर्यंत "प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दप्तराच्या मधल्या कप्प्यात..." असं काहीतरी जमतं. चॅटबॉटसमोर हाच कागद असतो. तुम्ही तिसरा प्रश्न विचारता, तेव्हा आधीचे दोन प्रश्न आणि उत्तरं कागदावर असतात, म्हणून त्याला "आठवतं". संवाद फारच लांबला की कागद भरतो आणि वरचा भाग बाहेर जातो. नेटवर शोधणारे चॅटबॉटही असतात, पण सापडलेला मजकूर ते याच कागदावर चिकटवतात आणि पुढे तोच शब्दामागून शब्द.

नुसत्या सरावाने तयार झालेलं यंत्र मात्र मदतनीस नसतं. "महाराष्ट्राची राजधानी कोणती?" असं विचारलं तर ते "गुजरातची राजधानी कोणती? केरळची राजधानी कोणती?" असं पुढे लिहू शकतं, कारण प्रश्नपत्रिकेत तसंच असतं. म्हणून दुसरी फेरी होते. माणसं नमुन्याची उत्तरं लिहितात, यंत्राच्या दोन उत्तरांतलं बरं कोणतं ते सांगतात, आणि त्याप्रमाणे आकडे पुन्हा सरकवले जातात. चॅटबॉटचा नम्रपणा या फेरीतला. कधीकधी तो तुमच्या चुकीच्या मतालाही मान डोलावतो, त्याचं बरंचसं कारणही हेच: माणसांना होकार आवडतो.

शेवटची दहा मिनिटं प्रश्नांना ठेवा

"तोच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तर वेगळं का?" हा प्रश्न येतोच. फासा दाखवा. आणि फासा किती मोकळा ठेवायचा त्याला खरंच एक खुंटी असते, तिला तापमान म्हणतात. "पाऊस"नंतर ४ आणि २ असं प्रमाण आहे. तापमान ०.५ केलं की दोन्हींचा वर्ग होतो, १६ आणि ४. म्हणजे "आला"ची शक्यता ६७ टक्क्यांवरून ८० वर जाते. आणखी खाली नेलं की यंत्र जवळपास दरवेळी "आला"च म्हणेल. विज्ञान शाखेच्या वर्गाला हे गणित फार आवडतं. कला शाखेतही मी ते सोडत नाही.

दुसरा प्रश्न एका मुलीने विचारला होता: "सर, आपण चुकतोय हे त्याला कळतं का?" मी तिला फळ्यावर बोट ठेवायला लावलं. "आणि"नंतर आपलं यंत्र तीन शब्दांत विभागलेलं आहे, म्हणजे तिथे त्याची खात्री कमी. असे आकडे खऱ्या चॅटबॉटमध्येही असतात आणि त्यांचा थोडा उपयोगही होतो. पण मग "लाइट"ची ओळ बघा. तिथे यंत्राची शंभर टक्के खात्री आहे, की लाइट नेहमी जातेच. आपल्या सहा वाक्यांत ती एकदाही परत आलेली नाही.