छतावरच्या सोलरची तीन कोटेशनं हातात आली की पैसे देण्याआधी काय तपासावं

सोलर बसवणाऱ्यांकडून आलेल्या कोटेशनवर सगळ्यात ठळक छापलेली असते ती एकूण रक्कम, आणि तुलनेसाठी सगळ्यात निरुपयोगीही तीच. तीन कागदांवर 'पाच किलोवॅट सिस्टीम' लिहिलेलं असलं तरी तिघे तीन वेगळ्या गोष्टी विकत असू शकतात. म्हणून आधी तिन्ही कोटेशनं एका मापावर आणा. भाव पाडून मागायची वेळ त्यानंतर येते.

आधी वॅट मोजा

'पाच किलोवॅट' हा आकडा पॅनेलांचा आहे की इन्व्हर्टरचा, हे पहिल्यांदा पाहा. वीज तयार करतात पॅनेलं, म्हणून मोजायची ती त्यांची क्षमता. पॅनेलांची संख्या गुणिले एका पॅनेलचे वॅट, इतका साधा हिशोब आहे. इन्व्हर्टरपेक्षा पॅनेलं थोडी जास्त क्षमतेची असणं नेहमीचंच आहे, कारण ऊन आणि उष्णता पाहता पॅनेलं पूर्ण क्षमतेने क्वचितच चालतात. उलट पाच किलोवॅटच्या इन्व्हर्टरला साडेचार किलोवॅटची पॅनेलं जोडून 'पाच' म्हणून विकलं जात असेल, तर ते नाव इन्व्हर्टरवरून आलेलं आहे.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत आणि चलनाऐवजी पहिल्या कोटेशनची रक्कम १०० धरली आहे. पहिल्यात ५४० वॅटची १० पॅनेलं, म्हणजे ५.४ किलोवॅट. दुसऱ्यात ५०० वॅटची ९, म्हणजे ४.५ किलोवॅट, रक्कम ९२. तिसऱ्यात ५८० वॅटची ९, म्हणजे ५.२२ किलोवॅट, रक्कम १०८. एकूण रकमेत दुसरं स्वस्त दिसतं. दर किलोवॅटला मात्र पहिलं १८.५, दुसरं २०.४ आणि तिसरं २०.७ पडतं. पहिलं जिंकलं असं वाटेल, पण इथे थांबू नका. रकमेतून अनुदान आधीच वजा केलेलं असेल, तर ते रकमेत पुन्हा जोडूनच तुलना करा. अनुदान मिळण्याच्या अटी आणि वेळ बसवणाऱ्याच्या हातात नसतात.

मग 'समाविष्ट नाही' हा भाग वाचा

हा मजकूर बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतो. खरा फरक तिथेच दडलेला असतो. कोटेशनमध्ये तो भागच नसेल, तर 'यात काय धरलेलं नाही, ते लिहून द्या' असं प्रत्येकाला सांगा. बाकी खर्च लहानसहान असतात, पण चार गोष्टी नक्की विचारा.

पहिली गोष्ट म्हणजे पॅनेलं ज्यावर बसवतात त्या लोखंडी स्ट्रक्चरची उंची. छतालगतच्या साध्या स्ट्रक्चरचा भाव देऊन, गच्ची वापरता यावी म्हणून उंच स्ट्रक्चर हवं म्हटलं की वेगळं बिल लावतात. दुसरी केबल: 'पंधरा मीटरपर्यंत धरली आहे, पुढे प्रत्यक्ष लांबीप्रमाणे' असं वाक्य बऱ्याचदा असतं. छतापासून मीटरपर्यंतचा मार्ग टेपने मोजून ठेवा. तिसरी अर्थिंग आणि आभाळातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक. चौथी मीटर बदलण्याची प्रक्रिया: अर्ज, शुल्क, तपासणी आणि गरज पडल्यास मंजूर भार वाढवणं.

आपल्या उदाहरणात पहिल्याने यातलं काहीच धरलेलं नाही. उंच स्ट्रक्चरचे ९, वाढीव केबलचे २, अर्थिंगचे ४ आणि मीटरचे ३ मिळवले की १०० चे ११८ होतात. दर किलोवॅटला २१.९. दुसऱ्याने अर्थिंग आणि मीटर वगळलं आहे, म्हणजे ९२ चे ९९, दर किलोवॅटला २२. तिसऱ्याने सगळं धरलं आहे, तो २०.७ वरच राहतो. सगळ्यात महाग दिसणारा प्रत्यक्षात सगळ्यात स्वस्त निघाला. असा एक तक्ता कागदावर स्वतः मांडल्याशिवाय कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.

ब्रँडच्या नावावर विसंबू नका, मॉडेल क्रमांक मागा

'अमुक ब्रँड किंवा समतुल्य' हे शब्द दिसले की पेन उचला. 'समतुल्य' कोण ठरवणार? बसवणाराच. त्या जागी असं वाक्य लिहून घ्या: 'लेखी संमतीशिवाय बदल करणार नाही, बदल झाल्यास वॅट आणि वॉरंटी कमी नसेल.' एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या मालिका असतात, त्यामुळे नुसतं ब्रँडचं नाव पुरत नाही. पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन उत्पादकाच्या संकेतस्थळावर डेटाशीट उघडा. पॅनेलसाठी त्यात आयईसी ६१२१५ आणि आयईसी ६१७३० ही मानकं दिसायला हवीत.

वॉरंटी दोन प्रकारची असते आणि विकताना मोठा आकडा पुढे केला जातो. 'पंचवीस वर्षं' ही बहुतेक वेळा उत्पादनक्षमतेची हमी असते, म्हणजे ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त वीज कमी झाली तरच लागू. मागचा जंक्शन बॉक्स जळाला किंवा काच सांध्यातून सुटली, तर ती कामी येत नाही. तिथे वस्तूची वॉरंटी लागते आणि ती बहुधा कमी वर्षांची असते. कोटेशनमध्ये दोन्ही आकडे वेगवेगळे हवेत. पॅनेल बदलताना वाहतूक आणि मजुरी कोण देणार, हेही विचारा. उत्पादक बऱ्याचदा फक्त पॅनेल पाठवतो.

इन्व्हर्टरची वॉरंटी पॅनेलपेक्षा कमी असते, आणि सिस्टीमच्या आयुष्यात तो एकदा तरी बदलावा लागेल असं धरून चाला. छत दोन दिशांना उतरतं असेल किंवा एका भागावर दुपारी सावली येत असेल, तर इन्व्हर्टरला दोन स्वतंत्र एमपीपीटी, म्हणजे पॅनेलांच्या एकेका गटातून जास्तीत जास्त वीज काढणारे भाग, आहेत का ते पाहा. नसतील तर एका बाजूची सावली दुसऱ्या बाजूचीही वीज खाईल.

जिथे पैसे वाचवले जातात ती स्वस्त सामग्री

लोखंडाच्या बाबतीत कोटेशनमध्ये 'गॅल्व्हनाइज्ड' एवढंच लिहिलेलं असतं. स्ट्रक्चर तयार करून नंतर वितळलेल्या जस्तात बुडवलं असेल, तर लोखंडाच्या जाडीप्रमाणे ५५ ते ८५ मायक्रॉनचा थर बसतो. आधीच जस्त लावलेल्या पाइपांवर तो सुमारे २० असतो. शिवाय ते पाइप कापले किंवा वेल्डिंग केले की त्या जागी जस्त उरत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. 'हॉट-डिप, जोडणीनंतर' असं स्पष्ट लिहून घ्या.

पॅनेलकडून येणारी डीसी केबल सोलरचीच हवी. आयईसी ६२९३० किंवा ईएन ५०६१८ हे तिच्या अंगावर छापलेलं असतं. साधी घरगुती वायर उन्हात काही वर्षांत तडकते. कनेक्टरची दोन्ही टोकं एकाच कंपनीची असावीत, कारण वेगवेगळ्या कंपन्यांची टोकं एकमेकांत बसतात, पण सांधा गरम होऊन जळू शकतो. विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना आहे का, हे जोडणीच्या डब्यांतल्या सामानाच्या यादीत शोधा.

पैसे टप्प्यांत द्या

आगाऊ रक्कम लहान ठेवा. मोठा हप्ता माल छताखाली आल्यावर, तोही पॅनेलांचे अनुक्रमांक मालासोबतच्या डिलिव्हरी चलनाशी जुळवून. बहुतेक पॅनेलांचं लेबल मागच्या बाजूला असतं, म्हणून वर चढवण्याआधीच प्रत्येकाचा फोटो काढा. शेवटचा, डोळ्यांत भरेल असा हप्ता नवीन मीटर सुरू होऊन वीज दोन्ही दिशांना मोजली जाऊ लागल्यावरच द्या. नुसतं 'काम पूर्ण' म्हटल्यावर देऊन टाकला, तर मीटरच्या अर्जामागे तुम्हालाच धावावं लागेल. त्याच वेळी वॉरंटी कार्डं, अर्थिंगच्या रोधाचं मोजमाप आणि इन्व्हर्टरच्या ॲपचा मालक म्हणून तुमचं खातं मागून घ्या. खातं बसवणाऱ्याच्याच नावावर राहिलं, तर संबंध तुटल्यावर तुमच्याच छतावरचे आकडे तुम्हाला दिसणार नाहीत.