उत्प्रेरकाचा ऊर्जा-आलेख: या चुका टाळा

अकरावी-बारावीच्या पेपरात उत्प्रेरकाचा प्रश्न हमखास असतो आणि त्याचे मार्क हमखास जातात. व्याख्या सगळ्यांना पाठ असते. चूक होते ती आलेखात, म्हणजे अभिक्रिया पुढे सरकते तशी ऊर्जा कशी वरखाली होते हे दाखवणाऱ्या त्या वाकड्या रेषेत. तिथे नेमकं काय हलतं आणि काय जागचं हलत नाही, हे एकदा डोक्यात बसलं की प्रयोगशाळेतल्याच नाही, कारखान्यातल्याही बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आहे. तिथल्या काळ्या खनिजात मँगनीज डायऑक्साइड असतं आणि ते बॅटरीच्या सेलसाठी जातं. हेच मँगनीज डायऑक्साइड चिमूटभर घेऊन मेडिकलमध्ये मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकलं की फसफसून ऑक्सिजन निघतो.

2H₂O₂ → 2H₂O + O₂

पहिली चूक: उत्पादितांची रेषाही खाली ओढणे

आलेख कागदावर मापाने काढा, अंदाजाने नको. 1 सेंटिमीटर म्हणजे 20 किलोज्यूल धरा. डावीकडे पेरॉक्साइडची आडवी रेषा शून्यावर. एक मोल पेरॉक्साइड फुटलं की सुमारे 98 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणून उजवीकडे पाणी आणि ऑक्सिजनची रेषा 4.9 सेंटिमीटर खाली. आता मधला उंचवटा. उत्प्रेरक नसताना सक्रियण ऊर्जा सुमारे 76 किलोज्यूल, म्हणजे शिखर शून्याच्या वर 3.8 सेंटिमीटर. पोटॅशियम आयोडाइड टाकलं तर ती सुमारे 57 होते, म्हणजे शिखर 2.85 सेंटिमीटरवर. इथे मी आयोडाइडचे आकडे घेतले, कारण त्याची अभिक्रिया पायरी-पायरीने मांडता येते.

बहुतेक मुलं दुसरी वक्ररेषा काढताना सगळीच खाली सरकवतात. शिखरासोबत उजवं टोकही उतरतं. त्याचा अर्थ असा होतो की आयोडाइड टाकल्यावर जास्त उष्णता मिळाली. ते शक्यच नाही. सुरुवातीला पेरॉक्साइड आणि शेवटी पाणी व ऑक्सिजन, दोन्ही टोकं तीच आहेत, तर त्यांच्यातला फरकही तोच राहणार. दोन वक्ररेषा एकाच ठिकाणाहून निघून एकाच ठिकाणी मिळाल्या पाहिजेत. आपली आकृती तपासायची सगळ्यात सोपी खूण हीच.

शिखरातला फरक एक सेंटिमीटरही नाही, पण वेगातला फरक मोठा आहे. सक्रियण ऊर्जा वेगाच्या सूत्रात घातांकात बसते. 25 अंश तापमानाला 19 किलोज्यूल कमी झाले, तर बाकी सगळं सारखं धरून वेग सुमारे 2000 पटींनी वाढतो. नुसतं तापवून तेवढाच वेग मिळवायचा तर द्रावण 120 अंशांच्या आसपास न्यावं लागेल, म्हणजे पाणी उकळण्याच्याही पुढे.

दुसरी चूक: उत्प्रेरक ऊर्जा देतो असं म्हणणे

प्रयोग चालू असताना परीक्षानळी हातात धरलेला एखादा मुलगा म्हणतोच, "सर, हे तं गरम होऊन राहिलं!" आणि वहीत लिहितो की उत्प्रेरकाने उष्णता दिली. त्याचं निरीक्षण बरोबर आहे, कारण मात्र चुकलं. हिशेब करून पाहा. 3 टक्क्यांच्या 10 मिली द्रावणात 0.3 ग्रॅम पेरॉक्साइड असतं, म्हणजे जवळपास 0.0088 मोल. त्यातून 0.86 किलोज्यूल उष्णता निघते. तेवढी उष्णता 10 मिली पाण्याचं तापमान सुमारे 20 अंशांनी वाढवू शकते. ही सगळी उष्णता पेरॉक्साइडमधलीच आहे. तीच बाटली कपाटात महिनोन्‌महिने पडून सावकाश फुटत राहिली असती, तरी एकूण उष्णता एवढीच निघाली असती. फक्त ती हळूहळू हवेत गेली असती आणि कुणाच्या हाताला लागली नसती.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवा. द्रावण तापलं की वेग त्या तापण्यामुळेही वाढतो. म्हणून दोन उत्प्रेरकांची तुलना करायची असेल तर परीक्षानळी पाण्याच्या मोठ्या भांड्यात बुडवून ठेवा. नाहीतर तुम्ही उत्प्रेरक मोजताय की तापमान, हे कळणार नाही.

तिसरी चूक: "उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेत नाही"

हे वाक्य अजून नोट्समधून फिरतं आणि मला ते फार खटकतं, कारण ते खरं धरलं तर उत्प्रेरक काम कसं करतो हे समजण्याची वाटच बंद होते. आयोडाइड भाग घेतो आणि तोही अगदी पहिल्या पायरीपासून.

H₂O₂ + I⁻ → H₂O + IO⁻
H₂O₂ + IO⁻ → H₂O + O₂ + I⁻

पहिल्या पायरीत आयोडाइड खर्च होतो, दुसरीत परत मिळतो. म्हणून उत्प्रेरकाच्या वक्ररेषेला एक नाही, दोन शिखरं हवीत आणि त्यांच्यामध्ये एक खळगा. खळग्यात बसतो तो IO⁻. हा मध्यस्थ पदार्थ आहे, त्याला स्वतःचं थोडं का होईना आयुष्य असतं. शिखरावरची स्थिती मात्र क्षणिक असते, ती बाटलीत भरता येत नाही. मुलं या दोघांची नावं हटकून अदलाबदल करतात. पहिली पायरी संथ आहे, म्हणून पहिलं शिखर उंच काढायचं आणि 57 हा आकडा त्याच्यासमोर लिहायचा.

म्हणजे उत्प्रेरक जुना उंचवटा खरवडून कमी करत नाही. जुना मार्ग 76 वर तसाच असतो. बाजूला दुसरा मार्ग उघडतो आणि जवळपास सगळे रेणू तिकडून जातात.

प्रयोगात द्रावण पिवळसर झालं तर घाबरू नका. थोड्या आयोडाइडचं आयोडीन होतं, त्याचा तो रंग.

फेस आला म्हणजे उत्प्रेरकच, असं नाही

खेड्यातल्या प्रयोगशाळांमध्ये एक गोंधळ वारंवार होतो. मँगनीज डायऑक्साइडची बाटली रिकामी असते, शेजारी पोटॅशियम परमँगनेट असतं, नाव सारखं वाटतं, आणि तेच टाकलं जातं. फेस दणक्यात येतो. पण परमँगनेट पेरॉक्साइडशी अभिक्रिया करून स्वतः संपतं. तो जांभळा रंग जातो तो परत येत नाही. मँगनीज डायऑक्साइडचं तसं नाही. फेस थांबल्यावर काळी पूड गाळा, धुवा, वाळवा आणि वजन करा. गाळणकागदाला चिकटलेली सोडली तर जेवढी टाकली तेवढी परत मिळते. ही कसोटी एकदा तरी हाताने करावी. पेरॉक्साइड 3 ते 6 टक्क्यांचंच घ्या आणि फेस चालू असताना भांड्याला बूच लावू नका.

आणि फेसच येत नसेल तर उत्प्रेरकाला दोष देण्याआधी बाटलीवरची तारीख पाहा. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं पेरॉक्साइड जूनपर्यंत बरंच फुटून गेलेलं असतं, मग कितीही पूड टाका. बाटलीवर "10 व्हॉल्यूम" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ 1 मिली द्रावणातून शून्य अंशाला 10 मिली ऑक्सिजन. म्हणजे 10 मिलीतून 100 मिली, खोलीच्या तापमानाला थोडा जास्त. पाण्यावर वायू गोळा करून मोजला की द्रावण ताजं आहे की शिळं ते लगेच कळतं. पूड दुप्पट केली तर हे 100 मिली लवकर जमतील, पण 200 होणार नाहीत.

चौथी चूक: उत्प्रेरकाने उत्पादन वाढतं

पेरॉक्साइडची अभिक्रिया जवळपास शेवटपर्यंत जाते, म्हणून ही चूक तिथे लपून राहते. ती उघडी पडते अमोनियात, म्हणजे आपण कपाशीला टाकतो त्या युरियाच्या मुळाशी.

N₂ + 3H₂ ⇌ 2NH₃ (92 किलोज्यूल उष्णता बाहेर)

ही अभिक्रिया उलटीही चालते. आलेखात उलट बाजूचा चढ मोजायचा तो उजव्या टोकापासून शिखरापर्यंत. शिखर जेवढं खाली आलं, तेवढेच किलोज्यूल दोन्ही चढांतून वजा होतात. म्हणून जाण्याचा आणि येण्याचा वेग सारख्याच पटीने वाढतो आणि समतोल जिथे होता तिथेच राहतो. लोखंडाचा उत्प्रेरक अमोनियाचा एक कणही जास्त देत नाही, फक्त समतोलाकडे लवकर नेतो.

मग कारखानदार तो का वापरतो? कारण उष्णता बाहेर टाकणाऱ्या या अभिक्रियेत तापमान वाढवलं की अमोनियाचं प्रमाण घटतं. 200 वातावरण दाबाला 400 अंशांवर समतोलात अमोनिया एक तृतीयांशाहून जास्त असतो, 500 अंशांवर तो एक पंचमांशाच्याही खाली येतो. नायट्रोजनचा तिहेरी बंध तोडायला 945 किलोज्यूल लागतात, त्यामुळे उत्प्रेरकाविना वेग हवा तर प्रचंड तापवावं लागेल, आणि तेवढ्या तापमानाला अमोनिया उरणारच नाही. लोखंडाच्या पृष्ठभागावर तो बंध सुटतो, म्हणून 400 ते 450 अंशांवर काम भागतं. फायदा होतो तो असा, तापमानाच्या मार्गाने. तरीही एका फेरीत साधारण 15 टक्केच वायूंचा अमोनिया होतो. तो थंड करून द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेले वायू पुन्हा आत सोडतात.

उत्प्रेरक "मेला" तर आलेखात काय दाखवायचं?

सरकीच्या तेलापासून वनस्पती तूप करताना निकेलची बारीक पूड वापरतात. तापवलेल्या तेलात हायड्रोजन सोडतात आणि निकेलच्या पृष्ठभागावर तो तेलातल्या दुहेरी बंधांना जोडला जातो. तेलातला चिकटा आधी नीट काढला नाही, किंवा गंधकाची संयुगं आत राहिली, तर निकेल लवकर निकामी होतं. कारखान्यात हे कळतं ते हायड्रोजन ओढला जाण्याचा वेग मंदावल्यावर. तापमान, दाब, ढवळणं सगळं तेच, पण तेल घट्ट व्हायला वेळ लागतो.

यावर प्रश्न आला की मुलं शिखर पुन्हा वर नेऊन दाखवतात. तसं दाखवू नका. गंधक निकेलच्या पृष्ठभागावरच्या जागा अडवून बसतो. ज्या जागा मोकळ्या राहिल्या, तिथला मार्ग साधारण पूर्वीसारखाच असतो, शिखराची उंचीही तीच. कमी झाली ती मोकळ्या जागांची संख्या. म्हणून आलेख पूर्वीचाच काढा आणि त्याखाली एका ओळीत लिहा की उपलब्ध पृष्ठभाग घटल्यामुळे वेग कमी झाला.