साक्याची तक्रार आणि त्यातून निघालेली पोस्ट

रत्नागिरी तालुक्यातल्या एका आंबा बागायतदार कुटुंबाकडे मी दोन हंगाम ऑर्डर आणि सोशल मीडिया सांभाळलं. नव्याने हे काम हातात घेणाऱ्यांना एक प्रसंग सविस्तर सांगावासा वाटतो, कारण त्यात मी जवळजवळ एका ग्राहकाची खासगी गोष्ट गावभर केली होती.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या हापूसची दोन डझनांची पेटी नागपूरला गेली. चार दिवसांनी त्या ताईंचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. 24 पैकी 7 फळांत साका निघाला होता. बाहेरून आंबा अगदी देखणा, कापल्यावर मात्र कोयीभोवतीचा गर पांढरट, भुसभुशीत आणि आंबट. त्यांनी पुढे लिहिलं होतं, "घरी डोहाळजेवण होतं, पाहुण्यांसमोर फजिती झाली." बागायतदार काकांनी वाद घातला नाही. डझनाला 900 रुपये दर होता, त्या हिशेबाने 7 फळांचे 525 रुपये त्याच रात्री परत केले आणि फोन करून माफी मागितली. ताई मोकळेपणाने बोलल्या, तक्रार तिथे मिटली.

दुसऱ्या दिवशी मी उत्साहाने पोस्ट लिहिली. "नागपूरच्या आमच्या एका ताईंकडे डोहाळजेवण होतं..." अशी सुरुवात, खाली त्यांनी पाठवलेला फोटो आणि "तुमच्यासारखे बागायतदार हवेत" या त्यांच्या शेवटच्या मेसेजचा स्क्रीनशॉट. नाव झाकलं होतं, नंबर झाकला होता. टाकण्याआधी काकूंना वाचून दाखवली, तर त्या लगेच म्हणाल्या, "अगो, ही आपल्या वरच्या आळीतल्यांची भाची ना? तिला दिवस गेलेत हे अजून सगळ्यांना सांगितलेलं नाही हो त्यांनी."

नागपूर, डोहाळजेवण आणि मे महिना, एवढ्या तीन शब्दांवर काकूंनी माणूस ओळखला. नाव झाकून माणूस झाकला जात नाही, हे मला तेव्हा कळलं. अनोळखी वाचकाला त्यातून काहीच कळत नाही, पण ग्राहकाला ओळखणारे वाचक वेगळे असतात. नणंद, शेजारीण, ऑफिसातली सहकारी, हे लोक अर्ध्या वाक्यावरून ओळखतात. त्यामुळे मसुदा तपासताना मी आता एकच प्रश्न विचारते: तिच्या नणंदेने हे वाचलं तर ती ओळखेल का?

पहिला विचार मनात आला तो नागपूरऐवजी पुणे आणि डोहाळजेवणाऐवजी वाढदिवस लिहायचा. तसं करू नका. तो खोटेपणा आहे, आणि ग्राहकाने वाचला तर तिलाच आधी कळतो. तपशील बदलायचा नाही, गाळायचा. गाळून काही उरत नसेल, तर आपण आपली गोष्ट सांगत नसून तिची सांगत होतो, असं समजावं.

मग फोटो पुन्हा नीट मोठा करून पाहिला. ओट्यावर कापलेले आंबे, मागे भिंतीवर दिनदर्शिका, तिच्यावर दुधाचा हिशेब आणि एका तारखेला डॉक्टरांचं नाव. कोपऱ्यात आमच्याच पेटीचं लेबल, त्यावर पिनकोड आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे. आपण आंबा पाहत असतो, त्यामुळे हे आपल्याला दिसतच नाही. स्क्रीनशॉटचीही हीच गत. मी फोनमधल्या मार्करने नंबर काळा केला होता, पण तो मार्कर अर्धपारदर्शक होता. ब्राइटनेस वाढवल्यावर आकडे वाचता आले. शिवाय मेसेजची वेळ आणि लिहिण्याची लकब तशीच राहते. म्हणून ग्राहकाचा फोटो आणि स्क्रीनशॉट दोन्ही काढून टाकले. साका आमच्याकडच्या फळांतही निघतच होता, त्यातलाच एक आंबा कापून अंगणात फोटो काढला.

आता मजकूर. तक्रारीतला वाचकाच्या उपयोगाचा भाग कोणता, याचा विचार केला तर तो ग्राहकाच्या घरात नव्हता, बागेत होता. हापूस झाडावर जास्त तयार झाला की साक्याचं प्रमाण वाढतं. काढलेली फळं उन्हात, तापलेल्या जमिनीवर पडून राहिली की आणखी बिघडतं. त्या लॉटची वही काढली तेव्हा दोन्ही चुका सापडल्या. फळं झाडावर 14 आण्यांच्या पुढे तयार झालेली होती आणि गाडी उशिरा आल्यामुळे दुपारी क्रेट उघड्यावर राहिले होते. काकांनी त्यानंतर काढणी सकाळी 10 च्या आत संपवायची आणि क्रेट थेट सावलीत न्यायचे, असं ठरवलं. पोस्ट लिहिण्यासारखी गोष्ट ही होती, आणि तिच्यात ग्राहकाची गरजच नव्हती.

शेवटी गेलेली पोस्ट अशी:

"या हंगामात आमच्याकडून गेलेल्या आंब्यांत साका निघाला. चूक आमची होती. फळं जास्त तयार झाल्यावर काढली आणि काढल्यावर उन्हात राहिली. आता काढणी सकाळी 10 च्या आत होते आणि क्रेट सावलीतच ठेवतो. तरीही साका बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तो कधीच निघणार नाही असं वचन आम्ही देत नाही. निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत करू."

यात "काही ग्राहकांनी" असं लिहिलेलं नाही, कारण तेव्हा तक्रार एकच होती. वचनाचं वाक्य काकांना खटकलं होतं, पण मी ते ठेवायला लावलं. ते नसतं तर पुढच्या साक्याला पोस्टच खोटी ठरली असती. आणि टाकायला मी बारा दिवस थांबले. दुसऱ्याच दिवशी टाकली असती, तर ज्यांना त्या घरची फजिती माहीत होती त्यांनी तारखेवरून धागा जोडला असता.

ग्राहकाचे शब्द वापरायचेच असतील तर परवानगी लागते, आणि ती मागण्याचीही वेळ असते. पैसे तिच्या खात्यात पोचल्याशिवाय विचारायचं नाही, नाहीतर परतावा परवानगीवर अवलंबून आहे असं तिला वाटतं. "तुमचा अनुभव टाकू का?" असंही मोघम विचारू नये. नेमकं कोणतं वाक्य, कोणत्या फोटोबरोबर, कुठे जाणार आहे ते पाठवावं आणि "नको वाटलं तर काहीच हरकत नाही, नंतर सांगितलंत तरी काढून टाकू" असं लिहावं. उत्तर आलं नाही तर तो नकार धरावा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती ठरावीक कामापुरतीच असते आणि ती मागे घेता येते. पेटी पोचवण्यासाठी दिलेला नंबर आणि पत्ता पेटी पोचवण्यासाठीच असतो.

सगळ्यात सोपी चूक पोस्टखालच्या उत्तरात होते. मजकूर आपण चार वेळा तपासतो, उत्तर मात्र चालता चालता टाइप करतो. आमच्या पोस्टखाली एकाने विचारलं, "या महिन्याच्या सुरुवातीला विदर्भात गेलेल्या पेट्यांत का?" हो म्हणणं म्हणजे सांगणं होतं, आणि नाही म्हणणं खोटं. मी लिहिलं, "पेटी कुठे गेली होती ते आम्ही सांगत नाही. तुमच्या पेटीत साका निघाला असेल तर फोटो पाठवा." संध्याकाळी त्यांचा फोटो आला, दोन आंबे कापलेले, दोन्हींत साका. काकांनी 150 रुपये परत केले.