तिसऱ्या आठवड्यातली कावीळ: एकूण आकड्याआधी डायरेक्ट बिलिरुबिन पाहा

नवजात कावीळीचे ठरलेले नियम तुम्हाला पाठ असणार. पहिल्या २४ तासांत दिसणारी कावीळ कधीच शरीरक्रियात्मक नसते. मुदतीच्या बाळात साधी कावीळ तिसऱ्या ते पाचव्या दिवशी टोकाला जाते आणि दोन आठवड्यांत ओसरते. दिवसाला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने बिलिरुबिन वाढले तर कारण शोधावे लागते. परीक्षेतल्या प्रश्नात ‘दुसऱ्या दिवशी’ असे लिहिलेले असेल तर जन्मवेळ पाहून तास मोजा, कारण रात्री ११ ला जन्मलेले बाळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेमतेम २० तासांचे असते. एवढे सांभाळले की या भागातले प्रश्न सहसा चुकत नाहीत.

मला सर्वांत जास्त छळले ते तिसऱ्या आठवड्यातल्या बाळाने, आणि आजही तसा प्रश्न समोर आला की मी आधी पेन खाली ठेवतो. कोल्हापुरात वॉर्डात शिकताना जशी हकिगत कानावर येते, त्याच धर्तीचे एक उदाहरण घेऊ. राधानगरीकडचे २४ दिवसांचे, मुदतीचे, फक्त आईच्या दुधावरचे बाळ आहे. जन्माचे वजन २.९ किलो होते, आता ३.५ किलो आहे. आजी म्हणते, “दूध चांगलं ओढतंय, वजन बी वाढलंय, फक्त लंगोटावरचे लघवीचे पिवळे डाग काही केल्या निघत नाहीत.” एकूण बिलिरुबिन ९.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. पर्यायांत ‘आईच्या दुधाशी संबंधित कावीळ, धीर द्या’ हे उत्तर असतेच, आणि वजनवाढ, स्तनपान व फार मोठा नसलेला आकडा या तिन्ही गोष्टी आपल्याला त्याकडेच ओढतात.

येथे बिलिरुबिनचा मार्ग उपयोगी पडतो. हीमपासून बिलिव्हर्डिन आणि त्यापासून तयार झालेले बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते अल्ब्युमिनला चिकटून यकृताकडे जाते आणि मूत्रात उतरत नाही. यकृतात यूडीपी-ग्लुकुरोनिल ट्रान्सफरेज त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडते, तेव्हा ते विद्राव्य होऊन पित्तात जाते. नवजात बाळात हे विकर मंद असते, तांबड्या पेशी लवकर मोडतात, आणि आतड्यात पोहोचलेले संयुगित बिलिरुबिन बीटा-ग्लुकुरोनिडेजमुळे पुन्हा सुटे होऊन रक्तात परत येते. शरीरक्रियात्मक कावीळ आणि आईच्या दुधाची कावीळ या दोन्हींतले अडथळे जोडणीपूर्वीचे, जोडणीतले किंवा आतड्यातले असल्यामुळे वाढते ते जोडणी न झालेले, म्हणजे इनडायरेक्ट बिलिरुबिनच. उलट पित्तमार्ग बंद असेल, तर जोडणी झालेले, म्हणजे डायरेक्ट बिलिरुबिन मागे तुंबून रक्तात येते आणि विद्राव्य असल्यामुळे मूत्रातून बाहेर पडते.

आता आजीचे वाक्य पुन्हा वाचा. नवजात बाळाचे मूत्र जवळजवळ रंगहीन असते, त्याचा लंगोटावर डाग राहत नाही. डाग राहतो म्हणजे मूत्रात बिलिरुबिन आहे, आणि मूत्रात बिलिरुबिन म्हणजे ते डायरेक्टच. तपासणीत डायरेक्ट ५.६ आले, म्हणजे एकूणाच्या सुमारे ६१ टक्के. पाठ्यपुस्तकांतली मर्यादा २ मिलिग्रॅम किंवा २० टक्के अशी असते. १ मिलिग्रॅमच्या वरचा आकडाही दुर्लक्षू नये, असा अलीकडच्या मार्गदर्शनाचा कल आहे. वजन वाढते आहे याचा येथे काहीही दिलासा नाही, कारण पित्तनलिका-रोधात, म्हणजे बिलिअरी अॅट्रेशियात, सुरुवातीचे काही आठवडे बाळ धडधाकट दिसते. शौच पांढुरके असणे महत्त्वाचे आहे, पण ते सुरुवातीला पिवळसर असू शकते, म्हणून ‘शौच पिवळे’ या एका शब्दावर विसंबू नका.

स्मरणसूत्रांविषयी माझे मत कडक आहे. ती कारणांची यादी आठवून देतात, अडथळा कोठे आहे हे सांगत नाहीत. त्यापेक्षा हा मार्ग एकदा स्वतः कागदावर काढायला लावणारा शिक्षक शोधा. घाबरण्याचे कारण मात्र नाही: दोन आठवड्यांनंतरही पिवळ्या असलेल्या मुदतीच्या प्रत्येक बाळाचे डायरेक्ट बिलिरुबिन पाहायचे, एवढी एक सवय बहुतेक प्रश्न सोडवते.

पुढील पाऊल विचारले असेल, तर उपाशीपोटी पोटाची सोनोग्राफी आणि बालशस्त्रक्रिया विभागाकडे तातडीने पाठवणी हे उत्तर. सोनोग्राफी सर्वसाधारण आली म्हणून निदान नाकारता येत नाही. शंका उरली तर यकृताची बायोप्सी आणि शेवटी शस्त्रक्रियेदरम्यानचा कोलँजिओग्राम निकाल देतो. घाई यासाठी की यकृताला थेट आतडे जोडणारी कासाई शस्त्रक्रिया सुमारे ६० दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता अधिक असते. ‘फोटोथेरपी सुरू करा’ हा पर्याय येथे बाद होतो, कारण निळ्या प्रकाशाचा उपयोग इनडायरेक्ट बिलिरुबिनवर आहे, आणि डायरेक्ट वाढलेल्या बाळाची त्वचा त्याने करडी-तपकिरी पडू शकते. व्हिटॅमिन के देण्याचा पर्याय असेल तर तो खोडू नका, कारण पित्ताविना हे जीवनसत्त्व आतड्यातून नीट शोषले जात नाही आणि अशा बाळाला मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो.