‘गेल्या वर्षीचं उत्पन्न किती?’ आकडा लिहिण्याआधी वर्ष कोणतं ते ठरवा

फॉर्मवर रकाना एकच असतो, ‘मागील वर्षाचे उत्पन्न’. आपण फॉर्म १६ काढतो, त्यावरचा शेवटचा आकडा उतरवतो आणि मोकळे होतो. बहुतेक वेळा ते खपून जातं, कारण आपल्याकडे विचारणाऱ्याच्या मनातही १ एप्रिल ते ३१ मार्च हेच वर्ष असतं. पंचाईत होते ती विचारणारा जानेवारी ते डिसेंबर धरून बसलेला असतो तेव्हा. परदेशी विद्यापीठाचा आर्थिक मदतीचा अर्ज किंवा परदेशातल्या कंपनीचा प्रश्न आला, की हे हमखास घडतं. त्यातून बाहेर कसं पडायचं ते एका उदाहरणावरून पाहू.

पायरी १ : कोण विचारतंय आणि कोणत्या महिन्यात

आयकर, बँकेचं कर्ज, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती अशी कामं असतील तर आर्थिक वर्ष धरा. विचारणारा देशाबाहेरचा असेल तर गृहीत काहीच धरू नका. अमेरिकेत सामान्य माणसाचं कराचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, ब्रिटनमध्ये ते ६ एप्रिलला सुरू होऊन ५ एप्रिलला संपतं, तर ऑस्ट्रेलियात १ जुलै ते ३० जून. फॉर्मच्या सूचनांमध्ये तारखा दिलेल्या असतील तर प्रश्न मिटला. नसतील तर सरळ विचारा, “कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत?” ‘फायनान्शियल इयर की कॅलेंडर इयर’ असं विचारून भागत नाही, कारण समोरच्याचं फायनान्शियल इयर वेगळं असू शकतं.

प्रश्न कोणत्या महिन्यात आला हेही पाहावं लागतं. फेब्रुवारी २०२६ मध्ये कुणी गेल्या वर्षाचं विचारलं, तर संपलेलं शेवटचं आर्थिक वर्ष २०२४-२५ आहे, म्हणजे अकरा महिन्यांपूर्वीच संपलेलं. संपलेलं कॅलेंडर वर्ष मात्र २०२५, अगदी ताजं. तोच प्रश्न मे २०२६ मध्ये आला की कॅलेंडर वर्ष तेच, २०२५, पण आर्थिक वर्ष २०२५-२६ झालेलं असतं. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत ही दोन वर्षं एकमेकांपासून सगळ्यात लांब असतात, आणि परदेशी प्रवेशाची कागदपत्रंही नेमकी त्याच सुमाराला मागितली जातात.

पायरी २ : कागदावरचं वर्ष नीट वाचा

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. आयकर विवरणपत्राच्या पोचपावतीवर ठळक अक्षरांत छापलेलं असतं ते असेसमेंट इयर, म्हणजे कर निर्धारण वर्ष. ते उत्पन्नाच्या वर्षापेक्षा एकाने पुढे असतं. पावतीवर २०२५-२६ दिसतं म्हणून ती ‘२०२५ चा पुरावा’ म्हणून जोडली, तर त्यातलं उत्पन्न असतं एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ चं. बारापैकी नऊ महिने २०२४ चे! कंपन्यांच्या बोलण्यातला आणखी एक घोळ म्हणजे ‘एफवाय २६’. हे वर्ष शेवटाच्या आकड्यावरून ओळखतात, म्हणजे ते २०२५-२६.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो आणि त्यात या दुहेरी नावाऐवजी ‘टॅक्स इयर’ हा एकच शब्द आहे. पण २०२५-२६ च्या उत्पन्नाचं विवरणपत्र अजून असेसमेंट इयर २०२६-२७ याच नावाने भरायचं आहे. शिवाय जुने कागद जुन्याच नावाचे राहणार, त्यामुळे एवढ्यात सुटका नाही.

पायरी ३ : कॅलेंडर वर्ष तिमाह्यांतून जुळवा

आर्थिक वर्षाच्या चार तिमाह्या एप्रिल-जून, जुलै-सप्टेंबर, ऑक्टोबर-डिसेंबर आणि जानेवारी-मार्च. म्हणजे कॅलेंडर वर्ष २०२५ म्हणजे २०२४-२५ ची चौथी तिमाही अधिक २०२५-२६ च्या पहिल्या तीन तिमाह्या. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

उदाहरण घेऊ. एका नोकरदाराची मुलगी परदेशी विद्यापीठात अर्ज करते आहे. फेब्रुवारी २०२६ मध्ये अर्जात वडिलांचं १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५ या काळातलं उत्पन्न विचारलं आहे. मार्च २०२५ पर्यंत त्यांचा एकूण पगार महिना ६०,००० रुपये होता. मार्च २०२५ मध्ये ८०,००० बोनस मिळाला. एप्रिलपासून पगार ६६,००० झाला. या मार्चमध्ये बोनस ४०,००० मिळणार आहे.

२०२४-२५ चा आकडा बारा महिन्यांचे ७,२०,००० आणि बोनस ८०,०००, मिळून ८,००,००० रुपये. २०२५-२६ चा होईल ७,९२,००० अधिक ४०,०००, म्हणजे ८,३२,०००. आता २०२५ हे कॅलेंडर वर्ष पाहा. पहिल्या तीन महिन्यांचे १,८०,०००, बोनस ८०,०००, नंतरच्या नऊ महिन्यांचे ५,९४,०००. बेरीज ८,५४,००० रुपये.

कॅलेंडर वर्षाचा आकडा दोन्ही आर्थिक वर्षांपेक्षा मोठा आला. मोठा बोनस आणि पगारवाढीचे नऊ महिने एकाच कॅलेंडर वर्षात पडले, म्हणून. यातूनच कळतं की ‘तीन महिने या वर्षाचे, नऊ त्या वर्षाचे’ असं प्रमाणात वाटून चालत नाही. तसं केलं असतं तर ८,००,००० चा पाव हिस्सा आणि ८,३२,००० चा पाऊण हिस्सा मिळून ८,२४,००० आले असते, तीस हजारांनी कमी. दरमहा ठरावीक रक्कम असेल आणि बोनस, थकबाकी वगैरे काही नसेल, तरच ही वाटणी बरोबर येते.

आकडे मिळवायचे कुठून? फॉर्म १६ च्या ‘भाग अ’मध्ये तिमाहीवार रकमेचा तक्ता असतो, तिकडे फारसं कुणी बघत नाही. २०२४-२५ च्या फॉर्ममधली चौथी तिमाही म्हणजे आपल्याला हवे असलेले पहिले तीन महिने. एप्रिल ते डिसेंबरसाठी मात्र फेब्रुवारीत फॉर्म १६ हाती नसतो, तो जूनच्या मध्यापर्यंत मिळतो. तेव्हा नऊ पगारपत्रकं काढायची. फॉर्म २६एएसमध्ये नोंदी तारखेसह दिसतात आणि ताळा करायला त्या उपयोगी पडतात, पण पगारातून कर कापलेलाच नसेल तर तिथे त्या सापडतीलच असं नाही. व्याज, भाडं किंवा व्यवसायाचं उत्पन्न असेल तर तेही असंच तारखेनुसार वेगळं काढा.

दोन ठिकाणी सांभाळा. बँक खात्यात येतो तो भविष्यनिर्वाह निधी आणि व्यवसाय कर कापून उरलेला पगार, आणि फॉर्म १६ च्या तक्त्यात असते ती कपातीआधीची रक्कम. एका बाजूला स्टेटमेंट, दुसऱ्या बाजूला फॉर्म १६ अशी सरमिसळ केली की बेरीज कधीच जुळणार नाही. दुसरी गोष्ट, मार्चचा पगार एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जमा होत असेल तर साधारणतः खासगी कंपन्यांच्या फॉर्म १६ मध्ये तो मार्चचाच धरलेला असतो, स्टेटमेंटमध्ये एप्रिलचा दिसतो. काही सरकारी कार्यालयांत तर मार्चच्या पगारापासून फेब्रुवारीच्या पगारापर्यंतचे बारा महिने धरायची रीत आहे. महिना कामाचा धरायचा की जमा झाल्याचा, ते एकदा ठरवा आणि डिसेंबरलाही तोच नियम लावा.

पायरी ४ : नोंदी एक्सेलमध्ये असतील तर

‘ए’ रकान्यात तारीख आणि ‘सी’ रकान्यात रक्कम असेल तर कॅलेंडर वर्षाची बेरीज अशी :

```
=SUMIFS(C:C,A:A,">="&DATE(2025,1,1),A:A,"<"&DATE(2026,1,1))
```

आर्थिक वर्षासाठी फक्त दोन तारखा बदलायच्या. शेवटची अट ‘३१ डिसेंबरपर्यंत’ अशी न लिहिता ‘१ जानेवारीच्या आधी’ अशी लिहिली आहे, कारण तारखेला वेळ चिकटलेली असेल तर ३१ डिसेंबरच्या दुपारचा व्यवहार बेरजेतून निसटतो.

बेरीज शून्य आली तर तारखा मजकूर म्हणून आल्या आहेत असं समजा. रकान्यात त्या डावीकडे चिकटलेल्या दिसतात, खऱ्या तारखा उजवीकडे असतात. याहून वाईट म्हणजे दिवस-महिना उलटणं. ४ मार्च ही 04/03/2025 अशी उतरते आणि संगणक अमेरिकन पद्धतीवर असेल तर ती ३ एप्रिल होऊन बसते. कॅलेंडर वर्षाच्या बेरजेत काहीच फरक पडत नाही, पण व्यवहार एका आर्थिक वर्षातून दुसऱ्यात जातो. महिन्यात १२ तारखेनंतरचा एकही व्यवहार खरी तारीख म्हणून दिसत नसेल, तर हाच प्रकार झालाय.

पायरी ५ : खर्चाचं विचारलं असेल तर

खर्चाला वरचंच सगळं लागू आहे. फक्त वर्षातून एकदाच येणारी बिलं हाताने तपासा. समजा विम्याचा हप्ता मार्चअखेरीस भरायचा असतो. २०२५ मध्ये तो सवलतीच्या मुदतीत २ एप्रिलला भरला, २०२६ मध्ये वेळेवर २८ मार्चला. झालं, आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये एकही हप्ता नाही आणि २०२५-२६ मध्ये दोन! खर्च दुप्पट झालेला नाही, भरण्याची तारीख सरकली आहे. अशा वेळी आकडा बदलू नका, शेजारी एक ओळ लिहा. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत खरेदीची तारीख धरा. बिल भरल्याची तारीखही धरली तर एकच खर्च दोनदा मोजला जातो.

पायरी ६ : उत्तर तारखांसह लिहा

‘२०२५ चे उत्पन्न ८,५४,०००’ एवढंच लिहू नका. ‘१ जानेवारी २०२५ ते ३१ डिसेंबर २०२५, कपातीपूर्वीचा पगार बोनससह ८,५४,००० रुपये’ असं लिहा. सोबत जोडलेला फॉर्म १६ वेगळा आकडा दाखवणार, तेव्हा अर्ज तपासणाऱ्याला शंका येणारच. म्हणून खाली तीन ओळींची फोड द्या : जानेवारी-मार्च पगार १,८०,०००, मार्चचा बोनस ८०,०००, एप्रिल-डिसेंबर पगार ५,९४,०००. पहिल्या दोन ओळी जोडलेल्या फॉर्म १६ च्या चौथ्या तिमाहीत मिळून २,६०,००० अशा दिसल्या पाहिजेत, तिसरी पगारपत्रकांवरून तपासता आली पाहिजे.

आणि आपल्याकडचा आयकर विभाग नेहमी एप्रिल-मार्चच मागतो असंही नाही. परदेशी कंपनीचे शेअर किंवा तिथलं बँक खातं असेल तर विवरणपत्रातल्या शेड्यूल एफए या तक्त्यात ३१ डिसेंबरला संपणाऱ्या कॅलेंडर वर्षाची माहिती भरायची असते, आणि त्याच शेअरच्या लाभांशाचं उत्पन्न मात्र आर्थिक वर्षाप्रमाणे. एकाच विवरणपत्रात दोन्ही वर्षं. बहुराष्ट्रीय कंपनीकडून शेअर मिळालेल्यांनी ब्रोकरचं स्टेटमेंट दोन वेगवेगळ्या तारखांनी दोनदा उतरवून घ्यावं.