व्हायवाचं बॅचनिहाय वेळापत्रक: मिनिट छापू नका, हजेरीची वेळ छापा

इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमाच्या ओरलचं वेळापत्रक लावताना पहिला प्रश्न असतो, एका विद्यार्थ्याला किती वेळ लागतो. परीक्षक म्हणतात, "पाच-सहा मिनिटं." प्रश्नांना तेवढीच लागतात. पण आधीचा उठणार, दोन्ही परीक्षक गुण लिहिणार, पुढचा आत येऊन सही करणार, जर्नल पुढे ठेवणार. यात आणखी दोन मिनिटं जातात, म्हणून हिशोब आठ मिनिटांचा धरा. सहाचा धरलात तर वीसजणांच्या बॅचला चाळीस मिनिटं उशीर आधीच ठरलेला आहे.

आता वीसजणांची बॅच मांडून पाहू. सुरुवात १०:३०. पहिले दहा ११:५० ला संपतात, दहा मिनिटं चहा, उरलेले दहा १२:०० ते १:२०. त्यापुढची वीस मिनिटं, १:४० पर्यंत, कुणाच्याही नावावर लावू नका. ती राखीव वेळ. दुसरी बॅच २:१५ ला, त्याच हिशोबाने ५:०५ पर्यंत, आणि राखीव वेळ ५:२५ पर्यंत.

यादी सीट नंबरच्या क्रमाने करा, रोल नंबरच्या नाही, कारण गुणपत्रक सीट नंबरप्रमाणे भरायचं असतं. विद्यापीठाच्या यादीतली संख्या आणि तुमच्या यादीतली संख्या जुळते का, तेही पाहा. वर्गाच्या हजेरीपटावरून यादी केली की रिपीटर हमखास सुटतात. त्याच दिवशी कुणाचा एटीकेटीचा पेपर असेल, तर त्याला आधीच पेपरच्या वेळेशी न भिडणाऱ्या बॅचमध्ये टाका.

खरी चूक होते ती पुढे. चौदाव्या विद्यार्थ्याची पाळी हिशोबाने १२:२४ ला येते, म्हणून यादीत "१२:२४" छापलं जातं. तो १२:२० ला येतो. तोवर आधीचे दोघं गैरहजर निघालेले असतात, रांग सोळा मिनिटं पुढे सरकलेली असते आणि त्याचं नाव १२:०८ ला पुकारून झालेलं असतं. तो छापलेल्या वेळेआधी आला, तरी उशिरा आलेला ठरला! यात दोष वेळापत्रकाचा आहे.

म्हणून पाच-पाचजणांचे गट करा आणि गटातल्या सगळ्यांना एकच हजेरीची वेळ द्या, गट सुरू होण्याच्या वीस मिनिटं आधीची:

क्रम १ ते ५: हजेरी १०:१०, गट सुरू १०:३०
क्रम ६ ते १०: हजेरी १०:५०, गट सुरू ११:१०
क्रम ११ ते १५: हजेरी ११:४०, गट सुरू १२:००
क्रम १६ ते २०: हजेरी १२:२०, गट सुरू १२:४०

प्रत्येक सीट नंबरसमोर तारीख, खोली, गट आणि हजेरीची वेळ एवढंच छापा. विद्यार्थ्याला थोडं ताटकळावं लागतं, पण पाळी चुकत नाही.

उशिराचा नियम सूचनेत आधीच लिहा. परीक्षेच्या दिवशी दारात उभं राहून तो ठरवू नका. मजकूर असा चालेल:

"नाव पुकारल्यावर हजर नसल्यास पुढील विद्यार्थ्यास घेतले जाईल. उशिरा आलेल्याने हजेरीपत्रकावर आल्याची वेळ लिहून सही करावी. त्याची परीक्षा बॅचच्या शेवटी, राखीव वेळेत, आल्याच्या क्रमाने होईल."

सातव्या क्रमाचा मुलगा ११:२५ ला आला असं धरा. पाळी ११:१८ ची होती आणि आठवा आत आहे. तो म्हणेल, "सर, याच्यानंतर घ्या ना, माझी आठ मिनिटं रिकामीच आहेत." कागदावर त्याचं बरोबर आहे. प्रत्यक्षात ती आठ मिनिटं बहुतेक वेळा उरलेली नसतात. एखाद्याला परीक्षकांनी जास्त विचारलेलं असतं, त्यात ती गेलेली असतात. त्याला १:२० ला घ्या. राखीव वेळेत आठ मिनिटांचे दोघंच बसतात. तिसरा कुणी आला तर परीक्षकांना विचारून दुसऱ्या बॅचच्या शेवटी, ५:०५ ला.

परीक्षकच उशिरा आले, तर प्रत्यक्ष सुरुवातीची वेळ फळ्यावर लिहा आणि सगळ्या गटांच्या वेळा तेवढ्याच पुढे ढकला. चहाची सुट्टी कापून वेळ भरून काढायला जाऊ नका. बाहेरगावाहून आलेले परीक्षक तेवढ्याकरता तरी थांबतातच.

गैरहजेरीची नोंद राखीव वेळ संपल्यावरच करा, त्याआधी विद्यार्थ्याला एकदा फोन लावा. गुणांच्या रकान्यात शून्य लिहू नका, गैरहजरच लिहा. शून्याचा अर्थ परीक्षा दिली आणि काहीच आलं नाही असा होतो. ऑनलाइन गुण भरायचे असतील तर लॉक करण्याआधी गैरहजरांचे सीट नंबर हजेरीपत्रकातल्या सह्यांशी ताडून पाहा. एकदा लॉक झालं की दुरुस्तीसाठी विद्यापीठाकडे अर्ज करत बसावं लागतं.

वेळापत्रक बदललं तर वर "सुधारित", तारीख आणि वेळ टाका आणि जुना कागद नोटीस बोर्डावरून काढाच. ग्रुपवर टाकलेली जुनी पीडीएफही डिलीट करा.